जुन्या गिऱ्हाइकांना आभाराचा व्हिडिओ: वहीपासून व्हॉट्सअॅपपर्यंत

मी परभणीत लग्नाचं शूटिंग करतो. गेल्या काही वर्षांत घरगुती उद्योगवाल्यांची छोटी कामंही येऊ लागली. कुणाची लोणची असतात, कुणाची ज्वारीची पापडी, कुणाची गोधडी. त्यातलं मला सर्वांत अवघड वाटलेलं काम म्हणजे जुन्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांना मालकाच्या स्वतःच्या आवाजात आभार सांगणं, आणि परत या म्हणणं, पण अंगावर न येता. कॅमेऱ्याची अडचण कधीच नव्हती. घोळ व्हायचा तो आभार सांगता सांगता माणूस विकायला लागायचा तिथं.

वसमतच्या एका काकूंचं उदाहरण धरून सगळं सांगतो. त्या हळद, येसर आणि काळा मसाला करून विकतात. गिऱ्हाईक बहुतेक पुण्याचं आणि संभाजीनगरचं, मूळचं आपल्याकडचंच. माल कुरिअरनं जातो आणि हिशोब वहीत राहतो. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांच्या मुलाला वाटलं की हे सगळं व्हिडिओत झळकवावं. मी म्हटलं, आधी वही काढा.

वहीतून नावं काढताना

नवखी माणसं पहिल्यांदा मोबाइल हातात घेतात. तुम्ही आधी नावं लिहा. काकूंच्या वहीत दीडशेच्या आसपास नावं होती. त्यातली तीन हंगामांत निदान तीनदा माल नेलेली निवडली, तर 61 उरली. एकदाच घेऊन गेलेल्याला ‘तुमची साथ’ म्हटलं की त्यालाच संकोच वाटतो, म्हणून ती नावं बाजूला ठेवली.

आता 61 मधूनही काही नावांपुढं फुली मारायची. पहिली फुली उधारीवाल्यांची. हे मला काकूंनीच शिकवलं. ज्याच्याकडं आपले साडेआठशे रुपये अडकलेत त्याला आभाराचा व्हिडिओ गेला, तर तो आभार ऐकतच नाही. ‘बाईला पैशाची आठवण करून द्यायची होती, म्हणून गोड बोलली,’ एवढंच त्याच्या डोक्यात येतं. त्याचा हिशोब फोनवर मिटवायचा आणि व्हिडिओ पुढच्या वर्षी पाठवायचा. दुसरी फुली तक्रार मिटायची राहिलेल्यांची. मागच्या पाकिटात खडा निघाला असेल किंवा मसाला कडू लागला असेल, तर त्याला आधी माफी आणि बदली माल द्यायचा, आभार नंतर. तिसरी फुली नुकतंच दुःख झालेल्या घरांची. हे वहीत लिहिलेलं नसतं, पण मालकाला माहीत असतं. म्हणूनच ही यादी मुलानं किंवा दुकानातल्या पोरानं न करता मालकानं स्वतः बसून करावी.

फुल्या मारून 52 नावं राहिली. त्यांचे दोन भाग केले. एका भागात गेल्या दोन महिन्यांत माल नेलेले, दुसऱ्यात त्याहून जास्त दिवस न आलेले. परवाच दोन किलो हळद नेलेल्याला ‘परत या’ म्हणणं विचित्र दिसतं. त्यामुळं बोलणं एकच ठेवायचं, फक्त शेवटची दोन वाक्यं वेगळी रेकॉर्ड करायची. ते कसं, ते पुढं सांगतो.

काय बोलायचं

काकूंच्या मुलानं पुण्याहून मजकूर लिहून पाठवला होता. ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांचे मनःपूर्वक आभार. आपल्या अतूट विश्वासामुळेच आम्ही ही वाटचाल करू शकलो.’ काकूंनी तो चार वेळा वाचला, आणि चारही वेळा त्या पंचायतीचा ठराव वाचताहेत असं वाटत होतं. मुलाचंही चुकलं नव्हतं. आईनं चांगलं, शुद्ध बोलावं असं त्याला वाटत होतं. पण गिऱ्हाइकानं काकूंचा आवाज फोनवर शंभरदा ऐकलेला. त्याला ‘सन्माननीय’ ऐकू आलं की पहिला प्रश्न पडतो, काकूंना कुणी बसवलंय बोलायला?

म्हणून लिहून द्यायचं नाही, विचारायचं. मी तीन प्रश्न विचारतो आणि फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवतो. एक, या लोकांमधल्या कुणीतरी सांगितल्यामुळं तुमच्या मालात काही बदललं का? दोन, त्यांच्या येण्यानं तुमच्या घरात किंवा कामात नेमकं काय झालं? तीन, सध्या तुमच्याकडं काय चालू आहे?

पहिल्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. आभार खरे वाटतात ते इथं. ‘तुमच्या सूचना आमच्यासाठी मोलाच्या आहेत’ असं कुणीही म्हणतं. काकूंना मात्र आठवलं की दोन वर्षांमागं एका बाईचा फोन आला होता. पिशवीचं तोंड सुटून कपड्यांच्या बॅगेत हळद सांडली होती, आणि त्यात नवी पांढरी साडी गेली होती. तेव्हापासून काकू दुहेरी पिशवी वापरतात आणि तोंड दोनदा चिकटवतात. बास, हाच व्हिडिओचा कणा. दुसरा सांगाडा शोधायची गरज नाही.

उत्तरं ऐकून कार्डाच्या मागं चारच शब्द लिहिले: पिशवी, बाया, वाळवण, चहा. काकू शेवटी जे बोलल्या ते असं:

‘राम राम. मी वसमतहून बोलायले, हळदवाली काकू. मागं एका ताईचा फोन आला का पिशवी फुटली अन् बॅगभर हळद सांडली. तवापासून मी दोन पिशव्या घालायले. ते तुमी सांगितलं म्हनून झालं. तुमी दरसाल हळद नेताव, म्हनून माझ्याकडं दोन बाया बारा महिने कामाला हायेत. त्याच्यासाठी तुमचे आभार मानायचे होते. औंदाची हळद शिजली, आता अंगणात वाळायली. पाडव्याच्या पुढं दळू. घरची संपली असंल तर सांगा, असंल तर राहू द्या, हळद काय पळून जात नाही. अन् कधी वसमतकडं आलाव तर चहाला या.’

हे बोलायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं. एक मिनिटापुढं जाऊ नका. लग्नाच्या शूटिंगमध्ये मी पाहिलंय, मिनिटाच्या पुढं आजीसुद्धा अंगठ्यानं व्हिडिओ पुढं सरकवते.

आता यातल्या बोलावण्याकडं नीट पाहा. हळद कुठवर आली आणि कधी दळणार, ही नुसती माहिती आहे. ती अशीच हवी, कारण गिऱ्हाइकाला घरातला डबा किती भरलाय ते बघून स्वतःच ठरवता येतं. त्याला लागूनच ‘असंल तर राहू द्या’ येतं, म्हणजे नाही म्हणायची वाट आपणच उघडून दिली. पाहुणा निघताना आपण दारात ‘या’ म्हणतो, पण कधी येणार याची तारीख मागत नाही. बोलावणं तेवढंच ठेवायचं.

दबाव कुठून शिरतो तेही सांगतो. ‘मर्यादित साठा’, ‘आजच नोंदवा’, ‘शेवटचे दहा किलो’ ही उघड दबावाची वाक्यं, ती सगळ्यांना कळतात. छुपी जास्त वाईट. ‘बरेच दिवस आला नाहीत, काही चुकलं का आमचं?’ हे मायेचं वाटतं, पण ऐकणाऱ्याला खुलासा द्यायला लावतं. ‘तुमच्यावरच आमचं घर चालतं’ हे तर त्याहून जड. काकू म्हणाल्या ‘दोन बाया कामाला हायेत’, ते झालेल्या गोष्टीचे आभार. तेच ‘तुम्ही घेतलं नाही तर त्या बायांचं काय’ असं झालं असतं, तर ते ओझं.

सवलतीबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीला एका कापड दुकानासाठी असाच व्हिडिओ केला आणि शेवटी हौसेनं दहा टक्के सूट घातली. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला फोन सुरू झाले. आठवड्यापूर्वी पूर्ण भावात साड्या नेलेली तीन घरं विचारत होती, ‘आमचं काय?’ पुढच्या वर्षी काही लोक खरेदी थांबवून व्हिडिओची वाट बघत बसले. आभाराच्या व्हिडिओत भाव, सूट, यादी यातलं काहीच ठेवायचं नाही. सूट द्यायचीच असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या मेसेजमध्ये, उघड विक्री म्हणून द्या. हळदीचे औषधी गुणही सांगत बसू नका. तो विषय निघाला की ऐकणाऱ्याच्या कानात जाहिरात सुरू होते.

शूटिंग

जागा कामाची निवडा, पण काम चालू असताना नको. काकूंच्या घरामागं मसाला कुटायचा डंक आहे. तो सुरू असताना बोलणं ऐकूच येत नाही. आम्ही सकाळी आठला ओसरीत बसलो. ऊन अंगणात होतं, काकू सावलीत, तोंड अंगणाकडं. असा उजेड चेहऱ्यावर सारखा पडतो. दुपारी बारानंतर पत्रे तडतडतात आणि डोळे किलकिले होतात, म्हणून ती वेळ टाळा. पंखा, कूलर आणि फ्रिज त्या दहा मिनिटांपुरते बंद ठेवा. कुलरची घरघर आपल्या कानाला सवयीनं ऐकू येत नाही, पण मोबाइलला येते.

हळदवाल्यांसाठी एक खास गोष्ट. काकूंना हळदीच्या ढिगासमोर बसवलं तर चित्र सुंदर दिसेल असं मला वाटलं होतं. पण चौकटीत एवढा पिवळा आला की मोबाइल रंग सांभाळायला जातो आणि चेहरा निळसर, आजारी दिसतो. कधी उलट होतं, ढिगावरून परतलेला उजेड तोंडावर पडतो आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. ढीग तीन-चार हात मागं आणि एका कोपऱ्यात ठेवला की काम होतं. मग चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथंच बांधला जातो.

मागं काय दिसतंय ते एकदा मोठं करून बघा. पहिल्या वेळी आमच्या चौकटीत कुरिअरला निघालेली पाकिटं होती. त्यांच्यावर नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं वाचता येत होतं. लोकांचे नंबर असे 52 घरांत वाटणं बरं नव्हे, म्हणून परत शूट करावं लागलं.

मोबाइल उभा धरायचा, डोळ्यांच्या उंचीवर, दीड हातावर. स्टँड नसेल तर दोन डबे एकावर एक ठेवून त्याला टेकवा. मागचा कॅमेरा वापरा, त्याची काच पदरानं न पुसता कोरड्या मऊ कापडानं पुसा, आणि फोन विमान मोडवर टाका, नाहीतर चांगलं बोलणं चालू असतानाच कुणीतरी फोन करतं. 1080 वर शूट केलं तरी पुरतं. व्हॉट्सअॅप नाहीतरी व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळं 4केची मोठी फाइल करून उपयोग नाही.

आवाजासाठी कॉलर माइक असेल तर उत्तम, नसेल तर वायरच्या इअरफोनचा माइकही चालतो. तोंडापासून वीतभर खाली लावायचा. बायकांच्या बाबतीत तो पदराला लावला की सरसर येते आणि मंगळसूत्राला लागला की टकटक. पदर डाव्या खांद्यावर असेल तर उजवीकडं ब्लाउजच्या गळ्याशी लावा आणि वायर पाठीमागून घ्या. मग दहा सेकंद बोलून, इअरफोन कानाला लावून ऐका. ही चाचणी टाळली तर पाऊण तासाचं काम वाया जातं, मी घालवलंय.

कॅमेऱ्याच्या काचेकडं बघून बोलायला कुणालाच जमत नाही. मी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी एक टिकली चिकटवतो आणि तिच्यामागं मालकाच्या ओळखीचं माणूस बसवतो. काकूंच्या वेळी त्यांची शेजारीण बसली होती. काकू तिच्याशी बोलल्या, टिकलीकडं बघत. मालक एकटाच खोलीत बसला की आवाज आपोआप भाषणाचा होतो.

सलग तीनदाच बोलून घ्यायचं. पहिल्या वेळी माणूस घाबरतो, तिसऱ्या वेळी पाठ झाल्यासारखं बोलतो, दुसऱ्या वेळचं बहुधा बरं निघतं. मधे अडखळलं, हसू आलं, तर राहू द्या. शेवटची दोन वाक्यं मात्र वेगळी घ्या. नुकताच माल नेलेल्यांसाठी काकू म्हणाल्या, ‘तुमच्याकडं आताच गेलीय, ती निवांत वापरा. पिशवी बरी वाटली का तेवढं कधी सांगा, अन् वसमतकडं आलाव तर चहाला या.’ हे पहिल्या भागाला जोडलं की दुसरा व्हिडिओ तयार. जोड दिसू नये म्हणून मधे दोन सेकंद अंगणात वाळणारी हळद दाखवली.

सजावट काही नको. सुरुवातीला फिरणारा लोगो, मागं सनई, फुलांचा पाऊस, हे सगळं काढून टाका. ते दिसलं की बघणारा पहिल्या दोन सेकंदांत ‘जाहिरात’ म्हणून पुढं जातो. खाली अक्षरं मात्र घाला, कारण बरेच जण ऑफिसात आवाज बंद ठेवून बघतात. ती हातानं लिहा. आपोआप उमटणारी अक्षरं ‘बोलायले’, ‘हायेत’, ‘औंदा’ हे शब्द भलतेच करून टाकतात. आणि काकू जशा बोलल्या तशीच लिहा. तोंडात ‘म्हनून’ आणि खाली ‘म्हणून’ असलं की वाचणाऱ्याला त्यांची भाषा दुरुस्त केल्यासारखी वाटते. मुलाचं आणि माझं यावर बरंच वाजलं, शेवटी काकूच म्हणाल्या, ‘मी बोलले तसं लिव.’

पाठवणं

सण सोडून पाठवा. पाडवा, दिवाळी, संक्रांत या दिवशी फोन शुभेच्छांनी भरलेला असतो, तुमचा व्हिडिओ त्यात न बघताच पुसला जातो. काकूंचा पाडव्याच्या दहा दिवस आधी पाठवला. तेव्हा हळद खरोखर अंगणात वाळत होती, त्यामुळं बोलणंही ताजं राहिलं. सुरुवात मंगळवारी-बुधवारी करा, वेळ दुपारच्या जेवणानंतर.

‘आमचे ग्राहक’ असा ग्रुप काढू नका. त्यात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि ग्रुपमधून बाहेर पडणं म्हणजे काकूंचा अपमान, या भीतीनं लोक अडकून राहतात. तोही दबावच. ब्रॉडकास्ट लिस्ट त्यापेक्षा बरी. एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, कुणाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याच्यापर्यंत ब्रॉडकास्ट पोचतच नाही. नवख्यांना हे माहीत नसतं आणि ते ‘कुणी उत्तरच दिलं नाही’ म्हणून खट्टू होतात.

पन्नास-साठ नावं असतील तर मी म्हणतो, एकेकाला पाठवा. काकूंनी रोज तेरा, असे चार दिवसांत संपवले. प्रत्येक व्हिडिओसोबत एकच ओळ: ‘सुनीलदादा, तुमच्यासाठी दोन शब्द बोललेय. सवडीनं बघा.’ रोज थोडेच पाठवायचं खरं कारण उत्तरं. आभाराला कुणी मायेनं उत्तर दिलं आणि तुम्ही दोन दिवस बघितलंच नाही, तर सगळा व्हिडिओ खोटा ठरतो. तेरा उत्तरं संध्याकाळी चहा घेता घेता देता येतात, बावन्न नाही. उत्तर देताना भावाची यादी चिकटवायची नाही. कुणी स्वतः भाव विचारला तर तेवढाच सांगायचा.

लागू पडलं की नाही

ऑर्डरी मोजू नका, निदान पहिल्या आठवड्यात तरी नको. उत्तराचा पहिला शब्द बघा. ‘कशा आहात काकू’, ‘आईला दाखवला’, ‘वाळवण बघून गाव आठवलं’ अशी उत्तरं आली तर आभार पोचले. बहुतेकांनी ‘रेट काय आहे’ एवढंच विचारलं तर व्हिडिओ जाहिरात वाटला आहे. तेव्हा शेवटची दोन वाक्यं परत ऐका, चूक बहुधा तिथंच असते. आणि नुसता हात जोडल्याचा इमोजी आला तर ते पूर्ण उत्तर समजा, त्याला उलट प्रश्न विचारू नका.

काहीच उत्तर न देणाऱ्याला ‘व्हिडिओ बघितला का?’ असं विचारायचं नाही. एका विचारण्यानं आधीचं सगळं पुसलं जातं. कुणी ‘असे मेसेज नको’ म्हटलं तर ‘बरं दादा’ एवढं लिहून वहीत त्यांच्या नावापुढं खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी मुलाच्या हातून चुकून जाणार नाही. आणि हाच व्हिडिओ पुढच्या वर्षी पुन्हा पाठवू नका. त्यात वाळणारी हळद औंदाची आहे, ते लोकांच्या लक्षात राहतं.

काकूंना तिसऱ्या दिवशी संभाजीनगरहून एक आवाजी मेसेज आला. आधी नुसतं हसू, मग, ‘काकू, ती पिशवीवाली बाई मीच ना हो? साडीचा डाग अजून गेला नाही बघा.’ घरात अर्धा किलो हळद शिल्लक आहे, आता नको, असंही तिनं सांगितलं. काकूंनी तिला डागाला लिंबू लावून उन्हात टाकायला सांगितलं, आणि दोघींचं त्याच्यावरच वीस मिनिटं चाललं.